ग्रामसभा कोपीपर्यंत पोचली पाहिजे

ग्रामसभेच्या चार ठरलेल्या तारखा महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाला तोंडपाठ असतात: 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारी. बीड जिल्ह्यातल्या कोयत्याला दुसरे एक वेळापत्रक पाठ असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन टोळी निघते आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की परत येते. मधले पाच-सहा महिने धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार अशा तालुक्यांतली अनेक गावे निम्मी रिकामी असतात. नवरा-बायको सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या नाहीतर बेळगावकडच्या फडात असतात. घरी राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्याकडे ठेवलेली पोरे.

नेमक्या याच महिन्यांत गावाचा पुढच्या वर्षाचा हिशोब मांडला जातो. 2018 पासून ग्रामपंचायत विकास आराखड्याची लोकमोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळ्यात संपते. कोणती गल्ली, कोणती पाइपलाइन, कोणाच्या शेतात विहीर, कोणाला घरकुल हे सारे टोळी गावात नसतानाच ठरते. 1 मेच्या सभेला ही माणसे घरी असतात, पण तोवर आराखडा मंजूर होऊन पोर्टलवर चढलेला असतो.

यात बेकायदा काही नाही, आणि म्हणूनच ते दुरुस्त करणे अवघड आहे. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी धरतात. चौदाशे मतदारांच्या गावात 15 टक्के म्हणजे 210 होतात, म्हणजे तिथे शंभरच पुरेत. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच राहत नाही. पारावर बसलेल्या चाळीस जणांनी हात वर केले, तरी तो ठराव पूर्ण गावाचा ठराव असतो. कोपीत राहणाऱ्या माणसावरही तो तितकाच लागू होतो.

आता बहुतेक गावांत सभेचे रेकॉर्डिंग होते. कोणी पोरगा मोबाइल धरून उभा राहतो. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाचे GS NIRNAY नावाचे अ‍ॅपही आहे. त्यावर सभेत झालेल्या निर्णयांची जास्तीत जास्त 15 मिनिटांची चित्रफीत चढवायची असते. मग सरपंच सांगतात, ‘ग्रुपवर टाकलंय की, बघून घ्या.’ रेकॉर्डिंग असणे ही मोठीच गोष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दीड तासाचा व्हिडिओ पाहणार कोण? पहाटे तीनला फडात जाणारा माणूस मोळ्या बांधून, गाडी भरून, पाळी उरकून रात्री कोपीवर येतो तेव्हा त्याच्या अंगात त्राण नसते आणि फोनमध्ये डेटाही नसतो. शिवाय या दीड तासातला पाऊण तास भाषणांचा असतो. उरलेल्या वेळात सहा जण एकदम बोलत असतात आणि भोंगा घरघरत असतो. ज्या एका वाक्याने त्याचे घर जाणार किंवा राहणार, ते वाक्य त्या गोंगाटात चार सेकंदात निघून जाते.

इतिवृत्ताचीही फारशी मदत होत नाही. प्रोसिडिंग बुकातली भाषा ठरलेली असते: ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ खाली सूचक, अनुमोदक आणि सह्या. हे कायद्याचे कागदपत्र आहे. ते असेच लिहावे लागते आणि पुढे तेच पुरावा म्हणून चालते. पण गैरहजर माणसाला त्यातून काहीच कळत नाही. काय मंजूर झाले, किती रुपयांचे, माझे नाव त्यात आहे की नाही, कोणी हरकत घेतली का, आणि मला अजून काही करता येते का, यांतल्या एकाही प्रश्नाला त्या वाक्यात उत्तर नाही.

म्हणून रेकॉर्डिंग आणि इतिवृत्त यांच्या मध्ये तिसरी गोष्ट हवी, ती म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून साध्या बोलीत लिहिलेला सारांश. तो कसा असावा हे एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण कल्पित आहे, पण बीडच्या कोणत्याही गावच्या माणसाला त्यातला प्रसंग ओळखीचा वाटेल.

समजा 26 जानेवारीच्या सभेत चौथा विषय आहे, ‘घरकुल प्रतीक्षा यादीतील अपात्र लाभार्थ्यांबाबत’. रेकॉर्डिंगमध्ये एकावन्नाव्या मिनिटाला ग्रामसेवक नऊ नावे वाचतात आणि कारण वाचतात, ‘कायमचे गाव सोडून गेले.’ मागून कोणी म्हणते, ‘भाऊसाहेब, ह्यातले पाच जण तर कारखान्याला गेलेत, कायमचे कुठं गेलेत?’ दुसरा म्हणतो, ‘घराला कुलूप होतं म्हणून लिहिलं असंल.’ एक म्हातारी विचारते, ‘माझ्या लेकाचं नाव कापलं का?’ कोणी उत्तर देत नाही. सरपंच म्हणतात, ‘बरं, ते नंतर बघू. मंजूर का?’ आठ-दहा आवाज येतात, ‘मंजूर, मंजूर.’ पुढचा विषय सुरू होतो.

इतिवृत्तात याचे एक वाक्य होईल: ‘नऊ अपात्र लाभार्थ्यांची नावे वगळण्यास सर्वानुमते मंजुरी.’ घाईत लिहिलेल्या सारांशात कदाचित असे येईल: ‘घरकुल यादीवर चर्चा झाली, काही नावांबाबत प्रश्न उपस्थित झाले.’ हे वाक्य खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. ज्याचे नाव गेले त्याला ते गेल्याचे यातून कळत नाही.

खरा सारांश असा लिहावा लागेल: ‘घरकुलाच्या प्रतीक्षा यादीतून नऊ नावे काढायला सभेने होकार दिला. नावे खाली दिली आहेत, प्रत्येकापुढे वडिलांचे नाव आणि वस्ती लिहिली आहे. कायमचे गाव सोडून गेले, असे कारण वाचले गेले. यांतले पाच जण ऊसतोडीला गेले आहेत, कायमचे गेलेले नाहीत, असे सभेत एकाने सांगितले. त्यावर नंतर बघू, असे उत्तर मिळाले, पण नावे यादीत परत घ्यायचे ठरले नाही. तुमचे नाव यात असेल तर आत्ताच लेखी हरकत पाठवा. अर्ज ग्रामपंचायतीकडे आणि पंचायत समितीकडे करायचा. तिथे दाद लागली नाही तर जिल्ह्याला अपील समिती आहे. तुम्ही हंगामापुरते बाहेर आहात हे दाखवायला ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र, पोरांचा गावच्या शाळेतला दाखला, रेशनकार्ड यांच्या नकला जोडा. रेकॉर्डिंगमध्ये हा भाग 51व्या मिनिटापासून 54व्या मिनिटापर्यंत आहे.’

हा मजकूर फार तर शंभर-सव्वाशे शब्दांचा आहे. त्यात चर्चेतल्या प्रत्येक माणसाचे म्हणणे नाही, भाषण नाही, आभार नाहीत. पण हंगामापुरते गेलेले आणि कायमचे गेलेले यांतला फरक त्यात आहे. सपाट प्रदेशात घरकुलासाठी 1 लाख 20 हजार रुपयांचे अनुदान मिळते. तो फरक वेळेत लिहून पोचला नाही तर बीडच्या कुटुंबाच्या हातून ते जाते, आणि हंगाम संपवून परत आल्यावर कळून फारसा उपयोग राहत नाही.

इथे सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे सभेत जे बोलले गेले आणि जे ठरले, त्यांत गल्लत होऊ न देणे. ग्रामसभेत शंभर गोष्टी बोलल्या जातात. ‘त्या वस्तीवर पुढच्या महिन्यात पाणी येईल’ हे सरपंचाचे आश्वासन असते, ठराव नसतो. ‘बघू’, ‘वर पाठवू’, ‘इंजिनिअरला विचारू’ हेही ठराव नव्हेत. सारांश लिहिणाऱ्याने प्रत्येक विषयाला आधी ठराव झाला, झाला नाही की पुढे ढकलला, हे एका वाक्यात सांगून टाकावे आणि मगच बाकीचे लिहावे. रेकॉर्डिंगमध्ये ‘मंजूर’ ऐकू आले तरी ते कशाला म्हटले गेले, हे मागे जाऊन ऐकावे. अनेकदा दोन विषय एकत्र वाचले जातात आणि एकच ‘मंजूर’ दोन्हींना लागते. पहिल्या ऐकण्यात हे निसटते. म्हणून एकदा सलग ऐकावे, विषयवार वेळा टिपाव्यात आणि दुसऱ्यांदा फक्त ठरावाच्या जागा थांबून थांबून ऐकाव्यात.

आकड्यांचाही असाच घोटाळा होतो. खराब माइकवर ‘सात लाख’ आणि ‘साठ लाख’ सारखेच ऐकू येतात. असा आकडा अंदाजाने लिहायचा नाही. तो अंदाजपत्रकाशी किंवा सभेत वाचलेल्या कागदाशी ताडून घ्यायचा. तो कागद मिळाला नाही तर ‘रक्कम नीट ऐकू आली नाही, कागद मागितला आहे’ असे स्पष्ट लिहायचे. नावांचेही तसेच. एका भावकीत एकाच नावाचे तिघे असतात. नुसते नाव आणि आडनाव लिहिले की तीन घरांत घबराट होते, आणि ज्याला घाबरायला हवे तो मात्र निश्चिंत राहतो.

पैशाच्या बाबतीत थोडे समजावून सांगण्याला पर्याय नाही. समजा सभेत सांगितले की 15व्या वित्त आयोगाचे दहा लाख आले, त्यातला बंधित निधी अमुक आणि अबंधित तमुक. ऐकणारा म्हणतो, दहा लाख आले, मग आमच्या वस्तीचा रस्ता का नाही? या आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात नियम असा होता की 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची, दोन्हींवर निम्मी निम्मी. म्हणजे दहा लाखांतले तीन लाख पाण्याचे, तीन लाख स्वच्छतेचे आणि उरलेले चार लाख गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचे. रस्ता होणार तर या चारांतूनच. हे चार ओळींत लिहिले की वस्तीवरच्या माणसाला प्रश्न नेमका विचारता येतो: चार लाखांतले किती आमच्याकडे आणि किती गावठाणात? सहा लाखांवर भांडण्यात त्याची शक्ती वाया जात नाही, आणि चार लाखांवर त्याला कोणी गुंडाळूनही ठेवू शकत नाही.

एक अडचण मात्र कोणत्याही सारांशाने सुटत नाही, आणि ती लपवूही नये. रेकॉर्डिंग बंद झाल्यावर जे ठरते ते त्यात येत नाही. बऱ्याच ठिकाणी सभा संपते, सह्यांचे रजिस्टर फिरते आणि इतिवृत्त दोन-चार दिवसांनी लिहिले जाते. त्यात एखादा विषय ‘आयत्या वेळचा’ म्हणून वाढलेला असतो. म्हणून सारांश रेकॉर्डिंगवरून लिहिला, तरी शेवटी तो प्रोसिडिंग बुकाशी ताडून पाहिलाच पाहिजे. दोन्ही जुळले नाही तर तसे लिहावे: ‘इतिवृत्तात सातवा विषय आहे, रेकॉर्डिंगमध्ये तो आढळत नाही.’ आरोप करायचा नाही, शेरा मारायचा नाही. ज्याला शंका असेल तो माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागेल. अर्जाला दहा रुपये लागतात, नकलेला पानामागे दोन रुपये, आणि माहिती तीस दिवसांत द्यावी लागते. कोल्हापूरच्या फडातूनही हा अर्ज पोस्टाने करता येतो. सारांशाच्या शेवटी एवढे एक वाक्य कायमचे छापून ठेवावे. त्याच्याच शेजारी हेही लिहावे की हा सारांश माहितीसाठी आहे, कायद्याने इतिवृत्तच धरले जाते.

आता हा सारांश पोचवायचा कसा? कागदावरचे एक पान ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेच, कारण घरी राहिलेली म्हातारी माणसे नातवंडांकडून ते वाचून घेतात. पण कोपीवर कागद पोचत नाही आणि तिथे अनेकांना वाचताही येत नाही. तिथे तीन-चार मिनिटांचा आवाजी निरोप हवा, गावच्याच माणसाच्या तोंडचा आणि गावच्याच बोलीतला. त्यात आधी ‘तुम्हाला काही करायचं असंल तर’ हा भाग यावा, नंतर बाकीचे ठराव. माणूस दमलेला असतो, पहिल्या मिनिटानंतर झोपूही शकतो. विषयपत्रिकेचा क्रम सरकारी सोयीचा असतो, तो इथे पाळण्याचे कारण नाही.

निरोप फक्त मुकादमाच्या फोनवर पाठवून मोकळे होऊ नये. मुकादमाने टोळीला उचल दिलेली असते आणि टोळी त्याच्या देण्यात अडकलेली असते. घरकुल, विहीर, रेशन यांच्या बातम्या त्याच्या मर्जीवर ठेवणे बरोबर नाही, मग तो माणूस कितीही चांगला असो. दर कोयत्यामागे एक तरी नंबर हवा, आणि जमेल तिथे बाईचा नंबर हवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. फडात असलेल्या बाईला ती सभा तर मिळतच नाही आणि घरातला एकुलता फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो. दारूबंदी, अंगणवाडी, नळ हे तिचे विषय त्या निरोपात वेगळे आणि ठळक सांगावे लागतील.

नंबर आणायचे कुठून, असे विचारणाऱ्यांना उत्तर तयार आहे. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचे काम शासनाने ग्रामसेवकांकडेच दिलेले आहे. म्हणजे गावातून कोण गेले आहे, याची यादी ग्रामपंचायतीच्या कपाटात असते, किंवा असायला हवी. जे लोक गैरहजर म्हणून घरकुलाच्या यादीतून निघतात, त्यांचीच नावे त्याच कार्यालयातल्या दुसऱ्या रजिस्टरात ऊसतोड कामगार म्हणून नोंदलेली असतात. ही दोन रजिस्टरे एकमेकांशेजारी ठेवण्यासाठी कुठल्याही नव्या योजनेची गरज नाही.

लिहिणारे दोघे असावेत. एक ग्रामपंचायतीचा माणूस, ग्रामसेवक किंवा संगणक परिचालक, कारण कागद त्याच्याकडे असतात. दुसरा गावातला कोणी शिकलेला पोरगा किंवा पोरगी, जिच्या घरचे कोणी फडात असेल तर फारच उत्तम. एकट्या ग्रामसेवकाने लिहिले तर इतिवृत्ताची भाषा उतरते. एकट्या पोराने लिहिले तर गटातटाचा वास येतो. निवडणुका होऊन दोन वर्षे झाली तरी हरलेले पॅनल आणि जिंकलेले पॅनल एकमेकांशी बोलत नाहीत, अशी गावे बीडमध्ये कमी नाहीत. तिथे दोघांच्या सह्या असलेला सारांशच टिकेल. कोणी हरकत घेतली असेल तर ‘एका ग्रामस्थाने हरकत घेतली’ एवढे लिहून हरकत काय होती ते पूर्ण लिहावे. हरकत घेणाऱ्याने स्वतः सांगितले तरच त्याचे नाव घालावे. सभेत झालेली शिवीगाळ, घरगुती वाद, कोणाची थकबाकी हे सारांशात आणू नये. रेकॉर्डिंगमध्ये असले तरी आणू नये.

आणि हे सगळे तीन दिवसांत व्हावे. पंधरा दिवसांनी आलेला सारांश वाचायला बरा असेल, पण तोवर यादी वर गेलेली असते. हरकत घ्यायला वेळ शिल्लक असेल तरच सारांशाला अर्थ आहे. दोन माणसांनी दोन संध्याकाळी बसून दीड तासाचे रेकॉर्डिंग ऐकले, एक पान लिहिले आणि चार मिनिटे बोलून घेतले, एवढेच हे काम आहे. त्याला निधी लागत नाही. ज्या गावात ग्रामपंचायत तयार नसेल तिथे पोरांनी आपल्या जबाबदारीवर सुरू करावे. ग्रामसभा ही काही बंद खोलीतली बैठक नव्हे.

वर्षातल्या चार तारखांपैकी 15 ऑगस्टला बीडचा ऊसतोड मजूर खात्रीने गावात असतो. त्या दिवशी झेंडावंदनानंतरच्या सभेला बसा, नवरा-बायको दोघेही बसा, आणि एकच ठराव मांडा: 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारीच्या सभांचा साध्या भाषेतला सारांश तीन दिवसांत फलकावर लागेल आणि आवाजी निरोपाने प्रत्येक टोळीला पोचेल. लिहिणाऱ्या दोघांची नावे ठरावातच घाला, सूचक-अनुमोदक म्हणून तुमच्यातलेच दोघे उभे राहा, आणि गाडी निघण्याआधी आपला नंबर ग्रामपंचायतीच्या वहीत स्वतः लिहून जा.